एक तार, तीन नेटवर्क

"तू कॉलेजात शिकवत नाहीस, मग करतेस तरी काय?" हा प्रश्न इंदुरातल्या बहुतेक लग्नकार्यांत मला कुणी ना कुणी विचारतंच. मी कॉलेजचं नेटवर्क सांभाळते असं म्हटलं की पुढचा प्रश्न वाय-फायच्या पासवर्डचा असतो. पासवर्ड देणं हा माझ्या कामाचा अगदी छोटा भाग आहे. मोठा भाग असा, की एकाच आवारात, एकाच तारेवर राहणाऱ्या वेगवेगळ्या लोकांची नेटवर्कं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत हे पाहायचं. यासाठी जी सोय वापरतात तिला व्हीलॅन म्हणतात. नाव जरा परकं आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे.

आमच्या आवारात चार इमारती आहेत. मुख्य इमारतीत तळमजल्यावर ऑफिस आणि परीक्षा विभाग, वरच्या मजल्यांवर वर्ग आणि कॉम्प्युटर लॅब. शेजारी वर्कशॉप. त्यापलीकडे मुलांचं होस्टेल, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, साधारण साडेतीनशे मीटरवर, मुलींचं होस्टेल. प्रत्येक इमारतीत एका कुलूपबंद कपाटात स्विच असतो. हा दिवे लावायचा स्विच नव्हे. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस सॉकेटं असलेली ही एक चपटी पेटी असते. त्या सॉकेटांना आम्ही पोर्ट म्हणतो. खोल्याखोल्यांतून आलेल्या तारा या पोर्टांत येऊन बसतात.

स्विचचं काम चांगल्या पोस्टमनसारखं असतं. माहिती लहान लहान पाकिटांतून येते. पाकिटावर कुणाकडे जायचं ते लिहिलेलं असतं, आणि स्विच ते वाचून नेमक्या त्याच पोर्टावर पाकीट पोहोचवतो. पण काही पाकिटं कुणा एकाच्या नावाची नसतात. ती हाळी असते, सगळ्यांसाठी मारलेली. नुकताच सुरू झालेला कॉम्प्युटर ओरडतो, "मी आत्ताच आलोय, मला कुणी पत्ता देता का?" दुसरा विचारतो, "अमुक पत्ता कुणाचा आहे?" अशी हाळी आली की स्विच ती प्रत्येक पोर्टावर पाठवतो. पुढे दुसरा स्विच जोडलेला असेल तर तोही तेच करतो. म्हणजे एकाची हाळी जिथपर्यंत ऐकू जाते, तिथपर्यंत एक नेटवर्क. मी नोकरीला लागले तेव्हा आमचं सगळं आवार असं एकच नेटवर्क होतं. मुलांच्या होस्टेलमधली हाळी परीक्षा विभागात ऐकू जायची.

यात बिघडतं काय? एक प्रसंग सांगते. निकालाचे दिवस होते. सकाळी परीक्षा विभागातून फोन आला, की गुणांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. सगळ्यांचंच बंद होतं असंही नाही. जे कॉम्प्युटर आदल्या रात्री चालू ठेवले होते ते व्यवस्थित, आणि जे सकाळी सुरू केले ते बंद. ही खूण महत्त्वाची होती. सुरू होताना कॉम्प्युटर जी पत्त्याची हाळी मारतो, तिथेच काहीतरी गडबड होती. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर मी `ipconfig /all` ही आज्ञा दिली. पत्ता कुणी दिला त्या ओळीत आमच्या सर्व्हरऐवजी `192.168.0.1` दिसत होतं. हा पत्ता आमच्या कॉलेजातला नव्हताच. घरोघरी असतो तसल्या छोट्या राऊटरचा तो नेहमीचा पत्ता.

मग माग काढायचा. `arp -a` या आज्ञेनं त्या राऊटरचा कारखान्यातून आलेला कायमचा क्रमांक मिळाला. तो घेऊन मुख्य स्विचला विचारलं, हा क्रमांक तुझ्या कुठल्या पोर्टावर दिसतो? उत्तर आलं, मुलांच्या होस्टेलकडे जाणाऱ्या पोर्टावर. होस्टेलच्या स्विचला विचारलं, त्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचा पोर्ट दाखवला. खोलीत एक भला मुलगा बसला होता. मोबाईलला वाय-फाय मिळावं म्हणून त्यानं घरून राऊटर आणला होता, आणि भिंतीतली तार राऊटरच्या वेगळ्या सॉकेटात घालायच्या ऐवजी बाकीच्या चारांपैकी एकात घातली होती. त्यामुळे तो राऊटर आमच्या नेटवर्काचा भाग झाला आणि हाळी मारणाऱ्या प्रत्येकाला आपणहून पत्ते वाटू लागला. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर साधारणपणे घेतो. त्या सकाळी बऱ्याचदा उत्तर आधी आलं ते त्या राऊटरचं.

मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण होस्टेलमधल्या एका खोलीतल्या चुकीच्या तारेनं परीक्षा विभाग बंद पडतो, हीच रचना चुकीची होती.

उपाय पहिला सुचतो तो असा, की होस्टेलला वेगळा स्विच, ऑफिसला वेगळा, लॅबला वेगळा, आणि कुणाचीही तार कुणाला जोडायची नाही. छोट्या जागेत हे चालतं. पण मुलींच्या होस्टेलमध्ये वॉर्डनचं ऑफिसही आहे, आणि ते ऑफिसच्या नेटवर्कावर हवं. म्हणजे त्या एका इमारतीत दोन स्विच, आणि मैदानाखालून दोन वेगळ्या तारा. साध्या तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा शंभर मीटर आहे, त्यामुळे साडेतीनशे मीटरसाठी फायबर लागते, म्हणजे खोदकाम आलं. उद्या कॅमेरे बसवायचे ठरले की पुन्हा खोदा.

व्हीलॅन हा यावरचा तोडगा. स्विच एकच ठेवायचा, पण त्याच्या आत भिंती घालायच्या. प्रत्येक नेटवर्काला एक क्रमांक द्यायचा. आमच्याकडे ऑफिस आणि परीक्षा विभाग १०, लॅब २०, होस्टेलच्या खोल्या ३०. मग प्रत्येक पोर्टाला सांगायचं, की तू कुणाचा. होस्टेलमधल्या एका खोलीचा पोर्ट असा दिसतो:

```
interface GigabitEthernet1/0/5
 switchport mode access
 switchport access vlan 30
```

या तीन ओळींचा अर्थ एवढाच, की पाचव्या पोर्टावर जो कुणी येईल तो ३०चा. खोलीतल्या मुलीच्या लॅपटॉपला याचा पत्ताही नसतो. ती हाळी मारते आणि स्विच ती फक्त ३०च्या पोर्टांवर पाठवतो. शेजारच्याच सहाव्या पोर्टावर वॉर्डनबाईंचा कॉम्प्युटर १०मध्ये असेल, तर त्याला ती ऐकू जात नाही. पेटी एक, वीज एक, पण आत दोन वेगळे स्विच असल्यासारखा कारभार.

आता मैदानाखालची तार. मुलींच्या होस्टेलमधल्या स्विचवर १० आणि ३० दोन्ही आहेत, मुख्य इमारतीतही दोन्ही आहेत, आणि मधे फायबरची एकच जोडी. या तारेवरून पाकीट पलीकडे पोहोचलं की तिकडच्या स्विचला कसं कळणार, हे वॉर्डनबाईंचं की खोलीतल्या मुलीचं?

एखाद्या लग्नाला दोन घरांचं वऱ्हाड एकाच बसनं निघालं तर आपण काय करतो? सामानावर चिठ्ठ्या चिकटवतो. घरात असताना बॅगेला चिठ्ठी लागत नाही. बसमध्ये चढवताना लागते, कारण तिथे सगळ्यांचं सामान एकत्र होतं. कार्यालयात पोहोचल्यावर चिठ्ठी वाचून बॅग आपापल्या खोलीत जाते आणि चिठ्ठी काढून टाकतात. नेटवर्कात अगदी हेच होतं. होस्टेलचा स्विच पाकीट तारेवर सोडण्यापूर्वी त्यात चार बाइट्सची एक चिठ्ठी घालतो, तिला टॅग म्हणतात. पलीकडचा स्विच टॅग वाचतो, ३० दिसलं की पाकीट ३०च्याच पोर्टांकडे पाठवतो, आणि शेवटच्या कॉम्प्युटरला देताना टॅग काढून घेतो. आयईईई या संस्थेनं १९९८ साली ८०२.१क्यू या नावानं याचं मानक प्रसिद्ध केलं. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचू शकतात. चिठ्ठीत क्रमांकासाठी बारा बिटांची जागा असते. त्यांत ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखीव असल्यामुळे वापरायला ४०९४ उरतात. आमच्यासारख्या कॉलेजला चार-पाचच पुरतात.

अशा, अनेक नेटवर्कांची टॅगवाली पाकिटं वाहणाऱ्या दुव्याला ट्रंक म्हणतात. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेशी त्याचा संबंध जोडू नका, जोडायचाच तर ट्रंक कॉलशी जोडा. इंदूरहून पुण्याला फोन लावायला कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. दोन गावांच्या एक्स्चेंजांमधली, अनेकांचे कॉल वाहणारी ती ट्रंक लाइन. आमची ट्रंकही तशीच, दोन स्विचांमधली सामाईक वाट. मुख्य इमारतीतल्या स्विचवर, मुलींच्या होस्टेलकडे जाणाऱ्या पोर्टाला हे सांगितलेलं होतं:

```
interface GigabitEthernet1/0/24
 switchport mode trunk
 switchport trunk allowed vlan 10,30
```

शेवटची ओळ नीट पाहा. या वाटेवरून फक्त १० आणि ३० जाऊ शकतात. लॅबच्या २०चं होस्टेलमध्ये काही काम नाही, म्हणून त्याची हाळीही त्या तारेवर चढत नाही. ही यादी दोन्ही टोकांना लिहावी लागते. एका टोकाला नसलेला क्रमांक त्या तारेवरून पोहोचत नाही.

या एका यादीवर किती अवलंबून असतं, हे गेल्या वर्षी एका संध्याकाळी दिसलं. मुलींच्या होस्टेलच्या फाटकावर आणि जिन्यांत कॅमेरे बसवायचे होते. त्यांच्यासाठी ४० हा नवा क्रमांक ठरला. आमच्या एका नव्या सहकाऱ्यानं दिवसभर होस्टेलच्या स्विचवर काम करून कॅमेऱ्यांचे पोर्ट ४०मध्ये घातले, त्या टोकाच्या यादीत ४० वाढवला, आणि संध्याकाळी मुख्य इमारतीत येऊन दुसरं टोक केलं. साडेपाचला पहारेकऱ्याच्या खोलीतल्या पडद्यावर कॅमेऱ्यांची चित्रं दिसू लागली. काम झालं म्हणून तो घरी जायला निघाला.

पावणेसहाला वॉर्डनबाईंचा फोन आला. त्यांचं नेट बंद, मुलींचंही बंद. नेमकी त्या दिवशी परीक्षा अर्जाची शेवटची तारीख होती. रात्री बारानंतर विलंब शुल्क लागणार होतं. त्या जाड भिंतींच्या इमारतीत मोबाईलचं नेट मोजून दोन खिडक्यांपाशी मिळतं. तिथे मुलींची रांग लागली होती.

अशा वेळी पहिली शंका तारेवर येते. मैदानात कुणी खड्डा तर खणला नाही? पण कॅमेऱ्यांची चित्रं येत होती, आणि तीही त्याच फायबरवरून. म्हणजे तार शाबूत होती, दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागलेले होते. तार चालते, एक नेटवर्क चालतं आणि बाकीची दोन पूर्ण बंद, हे लक्षण तुटलेल्या तारेचं नसतं. ते चिठ्ठीचं लक्षण आहे. आणखी एक पुरावा वॉर्डनबाईंनी फोनवरच दिला. ज्या मुलींनी नुकताच लॅपटॉप सुरू केला होता त्यांना `169.254` नं सुरू होणारा पत्ता दिसत होता. हाळी मारून कुणीच उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेऊन बसतो. आधीपासून चालू असलेल्या लॅपटॉपांवर नेहमीचा पत्ता होता, पण पुढे काही जात नव्हतं. पत्ते वाटणारा आणि पुढची वाट दाखवणारा, दोन्ही मुख्य इमारतीत. म्हणजे ३०ची पाकिटं मैदान ओलांडत नव्हती.

मुख्य स्विचवर `show interfaces trunk` ही आज्ञा दिली. लांबलचक उत्तरातला कामाचा भाग एवढाच होता:

```
Port        Vlans allowed on trunk
Gi1/0/24    40
```

१० आणि ३० गायब. सहकाऱ्यानं दिलेली आज्ञा होती `switchport trunk allowed vlan 40`. त्याच्या मनात होतं, यादीत ४० वाढव. स्विचनं ऐकलं, यादी म्हणजे ४०. या स्विचच्या भाषेत वाढवायचं असेल तर `add` हा शब्द लिहावाच लागतो. तो नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि नवी तिच्या जागी बसते. विचारपूस नाही, इशारा नाही. त्या टोकाला ४० पोहोचत होता, म्हणून त्याला पडद्यावर सगळं ठीक दिसलं. दुरुस्ती एका ओळीची होती:

```
switchport trunk allowed vlan add 10,30
```

सहा वाजून पाच मिनिटांनी वॉर्डनबाईंचा पुन्हा फोन आला, चालू झालं. मुलींचे अर्ज त्या रात्री वेळेत गेले. सहकारी अजून आमच्याकडेच आहे, आणि आता `add` तोच इतरांना शिकवतो. तो दिवसा होस्टेलच्या टोकाला बसून हाच शब्द विसरला असता तर जास्त पंचाईत झाली असती, असं त्याला मी नंतर सांगितलं. त्या स्विचपर्यंत पोहोचायची आमची वाटही १०मधूनच जाते. ती बंद झाली की ऑफिसातून दुरुस्ती करता येत नाही, लॅपटॉप घेऊन मैदान पार करून त्या कपाटापाशी जावं लागतं.

याच आज्ञेच्या उत्तरात आणखी एक ओळ असते, तीही पाहायची सवय आम्ही लावून घेतली. पहिल्या यादीत कुठले क्रमांक जाऊ द्यायचे ते असतं. दुसरीत, त्यांपैकी कुठले या स्विचवर खरोखर तयार केलेले आणि चालू आहेत ते असतं. ४० पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाही, याचा अर्थ परवानगी दिली पण त्या स्विचवर तो क्रमांक तयारच केला नाही. मग दोन्ही टोकांच्या याद्या जुळूनही कॅमेरा बंदच राहतो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: वाटेतल्या प्रत्येक स्विचवर क्रमांक आहे का, प्रत्येक ट्रंकेच्या दोन्ही टोकांना तो यादीत आहे का, आणि शेवटचा पोर्ट त्याच क्रमांकात आहे का. पाकीट ज्या वाटेनं जाईल त्याच वाटेनं बोट फिरवत जायचं. दोष या तिन्हींत सापडला नाही तरच तारेकडे वळायचं.

व्हीलॅनकडून नको ती अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवं. भिंत घातली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. होस्टेलमधल्या मुलींना कॉलेजची वेबसाइट, ग्रंथालयाची यादी हवी असते, त्यामुळे ३०मधून दुसऱ्या नेटवर्कात जायला मुख्य स्विचमध्ये दार ठेवावं लागतं. वेगवेगळ्या व्हीलॅनांना जोडणारं हे दार उघडं ठेवलं आणि त्यावर कुणी कुठे जायचं याचे नियम लिहिले नाहीत, तर हाळी जात नाही, पण नावानिशी पाठवलेलं पाकीट होस्टेलमधून थेट गुणांच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकतं. नुसते क्रमांक वाटून सुरक्षा झाली असं अनेक ठिकाणी समजलं जातं. गुणांचा सर्व्हर सुरक्षित राहतो तो दारावरच्या नियमांनी. शिवाय टॅग ही उघडी चिठ्ठी आहे, मजकूर ती लपवत नाही.

आणि व्हीलॅनच्या आतला गोंधळ आतच राहतो, नाहीसा होत नाही. भिंती घातल्यावर दोन वर्षांनी मुलांच्या होस्टेलमध्ये पुन्हा एकानं घरचा राऊटर तसाच जोडला. या वेळी परीक्षा विभागाला कळलंसुद्धा नाही, पण होस्टेलमधली निम्मी मुलं दिवसभर नेटविना बसली. त्यानंतर आम्ही स्विचांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवली, की पत्ता देणारं उत्तर फक्त मुख्य इमारतीकडून, म्हणजे ट्रंकेवरूनच आलेलं मान्य करायचं, खोलीच्या पोर्टावरून आलं तर टाकून द्यायचं.

आता प्रत्येक इमारतीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. मुलींच्या होस्टेलच्या कपाटात लिहिलंय: पोर्ट २४, मुख्य इमारत, १०, ३०, ४०. मुख्य इमारतीच्या कपाटात त्याच तारेसमोर तेच तीन आकडे. ट्रंकेच्या यादीला हात लावला की त्याच दिवशी दोन्ही कागदांवर तारीख घालून बदल करायचा, आणि दोन्ही टोकांची उत्तरं कागदाशी ताडून पाहायची. नुसती नवी गोष्ट चालू झाली एवढ्यावर निघायचं नाही. जुनी प्रत्येक गोष्ट अजून चालते का, ते पाहूनच कपाटाला कुलूप लावायचं.